बुधवार, साडेसहा, समोरचा दादा : एका आठवणपत्राचं प्रकरण

माझी मोठी मावशी वर्धा जिल्ह्यात, आर्वीच्या बाजूच्या एका लहान गावात एकटी राहते. वय ७६. शिक्षण चौथीपर्यंत. वाचता येतं, पण ओठ हलवत, एकेक अक्षर लावत. मुलगा पुण्याला कंपनीत आहे. घरी दोन बकऱ्या, अंगणात निंबाचं झाड आणि समोर एक शेतकरी कुटुंब, जे रक्ताच्या नातेवाइकांपेक्षा जास्त धावून येतं. माझं तालुक्याच्या ठिकाणी झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. त्यामुळे कागदाचं काम म्हटलं की घरचे सगळे माझ्याकडे बोट दाखवतात.

२०२५च्या जुलैमध्ये मावशीला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. उजव्या डोळ्याची नजर ६/६०, डाव्याची ६/२४. सोप्या भाषेत सांगायचं तर, चांगल्या नजरेच्या माणसाला जे अक्षर चोवीस मीटरवरून दिसतं ते मावशीला डाव्या डोळ्याने सहा मीटरवर यावं तेव्हा दिसतं. उजवा डोळा तर जवळपास धुकंच. आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन करायचं ठरलं. पण मावशीला साखर आहे. म्हणून त्याआधी एक दिवस जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर, रक्तदाब, डोळ्यात बसवायच्या भिंगाचा नंबर, असं सगळं तपासून घ्यायचं होतं. एका दिवसाचं काम. त्याला आम्हाला तीन तारखा लागल्या, आणि पहिल्या दोन वाया जाण्यात दवाखान्याची काहीच चूक नव्हती. चूक मी छापलेल्या कागदात होती. ती नेमकी कुठे होती ते सांगण्यासाठी हे लिहितोय, कारण असे कागद माझ्या दुकानातून आता महिन्याला चार-पाच तरी निघतात.

पहिली तारीख होती मंगळवार, ५ ऑगस्ट. केसपेपरवर डॉक्टरांनी इंग्रजीत दोन ओळी खरडल्या होत्या. मी त्या मराठीत उतरवल्या, अक्षर थोडं मोठं केलं, कागद लॅमिनेट केला आणि गावाकडे जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाच्या हाती पाठवून दिला. वर तारीख, खाली दवाखान्याचं नाव, विभाग, खोली, मग “सकाळी १० वाजता”, मग “उपाशीपोटी यावे”, मग कागदपत्रांची यादी, आणि तळाशी माझा मोबाइल नंबर. आपल्याला वाटतं, सगळं आहे कागदावर. आता काय चुकणार?

त्या दिवशी मी स्वतःच तिला न्यायला गेलो. लॅबमध्ये रक्त घेण्याआधी बाईंनी विचारलं, “आजी, काही खाल्लं का?” मावशी म्हणाली, “नाही बाई, उपाशीच हाये.” मग जरा थांबून, खरं बोलावं म्हणून, “सकाळी घासभर उसळ खाल्ली फक्त.”

आमच्याकडे साबुदाण्याच्या खिचडीला उसळ म्हणतात. त्या दिवशी श्रावणातली एकादशी होती. मावशीच्या लेखी ती उपाशीच होती. उपास धरला होता, आणि उपासाचं जे चालतं तेच खाल्लं होतं. बटाटा, साबुदाणा, दाण्याचं कूट. साखर मोजायच्या दृष्टीने याच्याइतकं वाईट काही नाही. उपाशीपोटीच्या तपासणीला किमान आठ तास पोटात अन्न नको, फक्त पाणी चालतं. साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे. तो आकडा घेऊन काही उपयोग नव्हता. आम्ही नवी तारीख घेऊन परत आलो. बसमध्ये मावशी सारखी म्हणत होती, “तूच तं लिहिलं ना, उपाशी ये म्हणून.” आणि ते खरंच होतं.

इथे मला पहिल्यांदा कळलं की आठवणपत्रातला शब्द बरोबर असून भागत नाही, तो वाचणाऱ्याच्या घरात कोणत्या अर्थाने वापरतात ते बघावं लागतं. “उपाशी” या शब्दाला मावशीच्या घरात पन्नास वर्षांपासून एक अर्थ आहे आणि तो चतुर्थी-एकादशीचा आहे. लॅबचा अर्थ तिथे पाहुणा म्हणूनही आलेला नाही.

दुसरी गोष्ट घरी गेल्यावर दिसली. तो लॅमिनेट केलेला कागद तिने दारासमोरच्या भिंतीवर लावला होता. दाराचा उजेड थेट त्यावर पडायचा आणि चकाकी मारायची. मोतीबिंदूत उजेड डोळ्यात पसरतो, समोरून चमकलं की अक्षरं पुसल्यासारखी होतात. मला बाजूने नीट वाचता येत होतं. मावशीला बाजेवर बसून पांढरा चौकोन दिसत होता. तिने तो कागद वाचलाच नव्हता, समोरच्या घरच्या पोरीकडून एकदा वाचून घेतला आणि लक्षात ठेवला. ज्या कागदाला पावसापाण्यापासून वाचवायला मी वीस रुपयांचं प्लास्टिक चढवलं, त्यानेच तो मावशीपासून वाचवला.

दुसरी तारीख मिळाली गुरुवार, २१ ऑगस्ट. या वेळी मी हुशारी केली. अक्षर खूप मोठं केलं, प्लास्टिक काढलं, खाण्याचं स्पष्ट लिहिलं. मला स्वतःला जमणार नव्हतं. माझ्या दुकानात त्या आठवड्यात शाळा-कॉलेजच्या दाखल्यांची गर्दी होती. समोरच्या घरचा भाऊ, वय पंचेचाळीस, सारी गल्ली त्याला दादा म्हणते, तो म्हणाला, “मी नेतो ना मावशीले, काय अडचण?” मग मी कागदावर चार ओळी छापल्या. वार. वेळ. ठिकाण. सोबत.

सोबतच्या ओळीत लिहिलं, “सोबत : दादा”.

आता जरा त्या घराची भाषा बघा. मावशीचा मुलगा घरातला मोठा. लहानपणापासून मावशी त्यालाच दादा म्हणते. आम्ही भाचेही दादा म्हणतो. समोरच्याला ती “समोरचा” म्हणते, किंवा “वहिनीचा मालक”, किंवा नुसतं नावाने हाक मारते. “दादा” तिच्या तोंडी एकच आहे, पुण्याचा. कागद वाचून ती खूष झाली. लेक येणार पोळ्याला! शुक्रवारी, २२ तारखेला पोळा होता, म्हणजे तो एक दिवस आधीच येणार, दवाखानाही करणार आणि पोळाही करणार, असं तिने मनाशी जुळवलं. घर सारवलं. पुरणाची डाळ काढून ठेवली.

वेळेच्या ओळीत माझी दुसरी चूक होती. “सकाळी ७.१० बस, ९ वाजता नंबर, १० वाजता डॉक्टर” असं मी एकाच ओळीत कोंबलं होतं. मला वाटलं, तिला सगळा दिवस समजेल. तिला समजलं ते शेवटचं, दहा. सकाळी सात वाजता समोरचा दादा फाट्यावर जाऊन उभा राहिला, कारण त्याच्या डोक्यात असं होतं की मावशी फाट्यावर येईल, घरून फाटा चालत दहा मिनिटं. मावशी अंगणात बाज टाकून पुण्याच्या दादाची वाट बघत बसली. सात दहाची बस आली आणि गेली. दादाने फोन लावला तर मावशीचा फोन घरात चार्जिंगला. तो धावत परत आला तेव्हा पावणेआठ झाले होते. पुढची बस नऊनंतर. रक्त द्यायची वेळ निघून जाणार होती, आणि संध्याकाळी दादाला बैलांची खांदशेकणी होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी हळद आणि तेल-तूप लावून बैलांचे खांदे चोळतात आणि त्यांना निमंत्रण देतात, “आज आवतन घ्या, उद्या जेवायला या.” त्या संध्याकाळी शेतकरी घराबाहेर राहत नाही. तरी तो म्हणाला, गाडीने नेतो. मावशीनेच नको म्हटलं. मला दुपारी फोन आला. “दादा नाही आला रे. बरा हाये ना तो?” लेकाला काही झालं की काय, या काळजीत ती सकाळपासून होती. दवाखाना तिच्या डोक्यातून केव्हाच गेला होता.

या दिवसाचा मी पुष्कळ विचार केला. सोबतच्या ओळीला मी सगळ्यात कमी वेळ दिला होता, एकच शब्द. आणि चारही ओळींत सगळ्यात नाजूक तीच. वार चुकला तर कोणीतरी सांगतं, ठिकाण चुकलं तर रस्त्यात विचारता येतं. सोबत कोण हे चुकलं की म्हातारं माणूस घरीच बसून राहतं, आणि कोणाला पत्ता लागत नाही. डोळ्याच्या दवाखान्यात तर सोबत लागतेच. तपासणीत बाहुली मोठी करायचे थेंब टाकतात, मग पुढचे काही तास जवळचं दिसत नाही आणि उन्हात डोळे उघडवत नाहीत. जाताना ती एकटी गेलीही असती. येताना बसची पाटी वाचणं शक्य नव्हतं.

तिसरी तारीख बुधवार, १० सप्टेंबर. या वेळी मी दुकानातून छापून पाठवलं नाही. रविवारी संध्याकाळी लॅपटॉप आणि कोरे कागद घेऊन गावाला गेलो, मावशीच्या बाजेशेजारी बसलो.

आधी तिलाच विचारलं, “मावशी, त्या दिवशी सकाळी उठल्यावर तुझ्या मनात पहिला प्रश्न काय येते?”

“आज जायाचं हाये का?”

“मग?”

“कोन येऊन रायलं घ्याले?”

“मग?”

“बकऱ्याचं काय?”

दवाखान्याचं नाव, विभाग, खोली, नंबर, यातलं काही तिने विचारलंच नाही. आणि बरोबरच आहे, खोली शोधणं सोबतच्या माणसाचं काम. म्हणजे कागद दोन लागतात. एक मावशीचा, एक दादाचा. मी इतके दिवस दादाचा कागद मावशीला देत होतो.

दादाचा कागद साधा, वहीच्या पानावर. त्यात बसची वेळ, विभाग, खोली, आधी लॅब मग डॉक्टर हा क्रम, मावशीची फाइल कुठल्या पिशवीत आहे, आणि माझा नंबर. आधार कार्ड पिशवीतच ठेवलं, कारण ७५ वर्षांवरच्यांना एसटीचा प्रवास फुकट आहे आणि कंडक्टर कार्ड बघतो. ही यादी मावशीच्या भिंतीवर कशाला हवी? पिशवी भरली, गाठ मारली, खुंटीला टांगली. पिशवी भरून ठेवली की यादीची गरज संपते.

मावशीचा कागद आडवा ए-फोर, एका बाजूला छापलेला, असा झाला :

बुधवार
(बाजाराच्या दुसऱ्या दिवशी)
सकाळी साडेसहा. घरून निघायचं.
वर्धा. डोळ्यांचा दवाखाना.
समोरचा दादा घरी घ्यायला येईल.

एकेका ओळीमागे काय आहे ते सांगतो.

वार आधी, आणि सगळ्यात मोठा. मावशी तारखेने जगत नाही. तिचा आठवडा मंगळवारच्या बाजारावर टेकलेला आहे. शिवाय “बुधवार” आणि “गुरुवार” हे दोन शब्द धूसर नजरेला जवळजवळ सारखे दिसतात. दोन्हींत पहिल्या अक्षराखाली उकार, मग शेवटी “वार”. मी ते दोन कागदांवर छापून तिच्यासमोर धरले तर पहिल्या झटक्यात तिने उलट सांगितलं. म्हणून खाली बाजाराचा टेकू. त्याला चूक व्हायला जागा नाही, बाजार झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी.

तारीख मात्र मुद्दाम घातली नाही. त्याने एक धोका तयार होतो, कोणता बुधवार? त्याचा उपाय कागदावर नाही, कागद लावायच्या दिवसात आहे. आधीचा बुधवार उलटून गेल्यावरच कागद भिंतीवर चढवायचा. मी रविवारी लावला, म्हणजे पुढे एकच बुधवार होता. त्याआधी फक्त कॅलेंडरवर पेनने गोल. आणि जुना कागद काढून टाकायचा. मावशीच्या घरात २१ तारखेचा कागद अजून देव्हाऱ्याशेजारी होता आणि ५ तारखेचा लॅमिनेट केलेला स्वयंपाकघरात डब्यावर झाकण म्हणून. तिन्ही कागद एकाच वेळी घरात असते तर तिने कोणता पाळायचा?

वेळ एकच, आणि तीही घरून निघायची. दवाखान्याची वेळ तिच्या कामाची नाही. “साडेसहा” अक्षरात लिहिलं, आकड्यात नाही. मावशीला देवनागरी आकडे येतात, पण तिला कागद वाचून दाखवणारी समोरची पोरगी इंग्रजी शाळेत आहे, तिला घाईत १ हा नऊ दिसतो आणि ४ हा आठ. अक्षरात लिहिलेलं कोणीही वाचो, साडेसहा ते साडेसहाच. घड्याळाचं चित्रही काढून बघितलं होतं, काटे साडेसहावर. तिच्या भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे हे कळल्यावर चित्र काढून टाकलं.

सोबतच्या ओळीत दोन गोष्टी आहेत, कोण आणि कुठे भेटेल. “समोरचा दादा” हा शब्द मावशीनेच दिला. मी तिला विचारलं, “याला काय लिहू म्हणजे तुले दुसरा कोणी आठवणार नाही?” आणि “घरी घ्यायला येईल” हे दादासमोर बसून ठरवलं. फाट्यावर भेटणं बंद. येतो म्हणणारा माणूस दारात उभा राहील एवढं कागदावर आलं की ती निवांत होते.

आता अक्षराचं. वार ९६ पॉइंटमध्ये, बाकीच्या ओळी ६० मध्ये. पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग, पण देवनागरीत त्या मापात वरची वेलांटी आणि खालचा उकारही येतो. ६० पॉइंटमध्ये मूळ अक्षर दीड सेंटीमीटरच्या आतच भरतं. नोटो सान्स देवनागरी वापरला. जाड टाइप टाळला. दुकानात सगळे मोठं आणि ठळक मागतात, पण मराठीत फार ठळक केलं की अक्षरांची पोटं भरून जातात, ध आणि घ, म आणि भ एकमेकांत मिसळतात. मध्यम जाडीच बरी. दोन ओळींत दीडपट अंतर ठेवलं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो आणि मावशीच्या नजरेला एक काळी पट्टी दिसते. ओळ मध्येच तोडायची नाही. एकदा “साडे” वर आणि “सहा” खाली गेलं होतं, तिने वाचलं “सकाळी सहा”.

मग भिंतीवर धरून तपासलं. बाजेवरून, सहा-सात फुटांवरून, तिला फक्त “बुधवार” वाचता आलं. बाकीचं वाचायला तिला उठून भिंतीपासून हाताच्या अंतरावर उभं राहावं लागलं. मला हे पुरेसं वाटलं. बाजेवरून वार दिसला की उठून बाकीचं वाचेल. सगळंच बाजेवरून दिसायला हवं असेल तर एका कागदावर दोन ओळींच्या वर मावणार नाही. ट्यूबलाइटमध्येही वाचून घेतलं, कारण पहाटे तीच असणार. जागा बदलली, दारासमोरून काढून देव्हाऱ्याच्या बाजूच्या भिंतीवर, जिथे ती सकाळी दिवा लावायला उभी राहतेच. रस्त्यावरून दिसणार नाही अशीही ती जागा आहे. बुधवारी घर दिवसभर रिकामं आहे हे गावभर कळायची गरज नाही.

उरलं खाण्याचं. कॅलेंडर बघितलं आणि कपाळाला हात लावला. १० सप्टेंबरला संकष्टी चतुर्थी! परत उपास, परत उसळ. हे मुख्य कागदावर घातलं तर पाचव्या-सहाव्या ओळीला त्याच्याकडे कोण बघणार? सकाळी खायचा मोह भिंतीजवळ होत नाही, गॅसजवळ होतो. मावशी उठली की पहिला हात चहाच्या डब्याला. म्हणून वेगळी चिठ्ठी केली, हातानेच, स्केचपेनने :

चहा नाही. उसळ नाही. काहीच नाही.
पाणी चालते.

मंगळवारी रात्री समोरच्या वहिनीने ती चिठ्ठी चहाच्या डब्याच्या झाकणावर दोऱ्याने बांधली. चिठ्ठी सोडल्याशिवाय डबा उघडत नाही. “उपाशी” हा शब्द कुठेच लिहिला नाही. साखरेच्या गोळीबद्दल मी आधीच फोनवर विचारून ठेवलं होतं. आम्हाला सांगितलं की रिकाम्या पोटी गोळी घेऊ नका, सोबत आणा, जेवताना घ्या. ते दादाच्या कागदावर गेलं. प्रत्येकाने आपापल्या डॉक्टरांना विचारावं, गोळ्या वेगळ्या असतात. मंगळवारी रात्रीचं जेवण मात्र सातऐवजी नऊला करायला सांगितलं. सातला जेवून सकाळी नऊला रक्त म्हणजे चौदा तास पोट रिकामं, आणि साखरेच्या म्हाताऱ्या माणसाला तेवढं ओढणं बरं नाही. नऊला जेवली तर बारा तास होतात, जरुरीपुरते झाले.

चतुर्थीचा प्रश्न तिने स्वतः सोडवला. “रक्त देल्यावर डब्यातली भाकर खाईन. देवाले माहीत हाये डोळ्याचं.”

शेवटी तिच्याकडून वदवून घेतलं. “समजलं ना?” असं विचारून उपयोग नसतो, त्याला तिचं उत्तर ठरलेलं, “हो ना बाप्पा, समजलं.” मी विचारलं, “सांग बरं, दादा कुठे भेटन?” ती म्हणाली, “फाट्यावर.” मागच्या वेळचं डोक्यात बसलं होतं. कागदासमोर उभं करून परत वाचायला लावलं. “घरी. इथं येते तो घरी.” सोमवारी संध्याकाळी फोनवर तोच प्रश्न परत विचारला तेव्हा बरोबर आलं.

निघताना तिने थांबवलं. “आन् बकऱ्याचं नाही लिहिलं तू.” मी म्हटलं, मावशी, चार ओळींच्या वर लिहिलं की गडबड होते. ती काही बोलली नाही, पण कागदाकडे बघतच राहिली. मग मी स्केचपेन घेतला आणि तळाशी लिहिलं, “बकऱ्या वहिनी पाहील.” नियम मोडला. पण हे तिच्या मनात अडकलेलं असतं तर साडेसहाला ती गोठ्यात असती.

बुधवारी सहा वाजून पंचवीस मिनिटांनी दादा दारात होता. मावशी चप्पल घालून ओट्यावर. पावणेनऊच्या सुमारास दोघं वर्ध्याला उतरले, उपाशीपोटीचं रक्त झालं. मग भाकर आणि पिठलं, पहिला घास किती वाजता घेतला ते दादाने तळहातावर पेनने लिहून ठेवलं, कारण जेवणानंतरच्या साखरेचे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे असतात, डबा संपल्यापासून नाही. भिंगाचा नंबर मोजून झाला. साखर थोडी जास्त होती, गोळी बदलून दिली. ऑपरेशनची तारीख पुढची मिळत होती, पण मावशीने पितरात आणि घटात डोळ्याला हात लावू दिला नाही. दसऱ्यानंतरचा बुधवार ठरला, ८ ऑक्टोबर.

तेव्हा सोयाबीनची सोंगणी ऐन भरात. दादाला शेत सोडता येईना. सोबतची ओळ परत कोरी. या वेळी मी कागद छापायच्या आधी माणूस ठरवला, पुण्याचा लेकच सुट्टी काढून आला. कागदावर लिहिलं, “पुण्याचा दादा. रात्री घरी मुक्कामाला येईल.” ऑपरेशन नीट पार पडलं.

हे सगळ्यांना चालत नाही हेही सांगतो. दुकानात एक गृहस्थ आईसाठी असाच कागद करून घेऊन गेले. आई वाचू शकत होती, पण विसरभोळेपणा बराच पुढे गेलेला. कागद वाचायची, पिशवी घ्यायची आणि रोजच निघायची, कारण तिच्यासाठी रोज बुधवार होता. तिथे कागद निघायच्या तासभर आधी हातात द्यावा, भिंतीवर नको. ज्यांना अक्षरच येत नाही त्यांच्यासाठी मी कागद करत नाही, सोबतच्या माणसालाच आदल्या संध्याकाळी घरी जाऊन बसायला सांगतो.

ऑपरेशननंतर महिन्याभराने मावशीकडे गेलो. सप्टेंबरचा कागद मीच सांगूनही तिने फेकला नव्हता. तो उलटा करून भिंतीला लावला होता, मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलने बारीक अक्षरात बकरीच्या दुधाचा हिशेब. एवढं बारीक की मला चष्मा काढून जवळ जावं लागलं.

“बारीक लिहिते आता,” ती म्हणाली. “कागद पुरते मंग.”